एकट्याने ब्लॉग चालवताना महिन्याचे वेळापत्रक कसे आखावे: खानापूरच्या एका पाककृती ब्लॉगचा सप्टेंबर २०२६

बहुतेकांचे वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यातच मोडते, आणि त्याचे कारण आळस नसते. क्रम चुकलेला असतो. आधी कॅलेंडरवर दर सोमवार-गुरुवारी खूण केली जाते, मग त्या आठ-नऊ चौकटींत विषय कोंबले जातात, आणि हे सगळे लिहायला वेळ कुठून आणायचा हा प्रश्न शेवटी पडतो. खरा क्रम याच्या उलट आहे. आधी तास, मग एका लेखाला लागणारा वेळ, मग सणवार, आणि सगळ्यात शेवटी प्रसिद्धीची तारीख.

दुसरी चूक कमी दिसते, पण जास्त नुकसान करते. लोक वेळापत्रकात फक्त प्रसिद्धीचे दिवस लिहितात, कामाचे दिवस लिहीत नाहीत. ‘१८ तारखेला उपवासाचा लेख’ एवढी नोंद असली की १७ तारखेच्या रात्रीपर्यंत कुणी तिच्याकडे बघत नाही. वेळापत्रकात ‘६ तारखेला सकाळी शिजवणे आणि फोटो, ८ आणि ९ ला लेखन, १० ला चढवणे, १८ ला प्रसिद्ध’ अशा चार नोंदी हव्यात.

पुढचे टप्पे एका उदाहरणावर चालवले आहेत. समजा, खानापुरात राहणारी आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करणारी एक शिक्षिका सीमाभागातल्या पदार्थांचा ब्लॉग एकटीच चालवते. महिना सप्टेंबर २०२६ चा. हा महिना मुद्दाम घेतला, कारण सोमवारी १४ तारखेला गणेश चतुर्थी आहे आणि शुक्रवारी २५ ला अनंत चतुर्दशी. म्हणजे वाचकाला पदार्थ सगळ्यात जास्त हवे असतात तेव्हाच लिहिणारीच्या घरात पाहुणे असतात.

## तयारी

आखणीला एका बैठकीत दीड तास पुरतो. ही बैठक आधीच्या महिन्याच्या २० ते २५ तारखेदरम्यान घ्या. १ तारखेला आखायला बसलात तर पहिला आठवडा आखण्यातच जातो.

जवळ चार गोष्टी हव्यात: तिथी दाखवणारे भिंतीवरचे मराठी कॅलेंडर, आपल्या शाळेची किंवा ऑफिसची सुट्ट्यांची यादी, विषयांची वही किंवा मोबाईलमधली नोंद, आणि गुगल शीट्सची एक कोरी शीट. शीट उघडल्याबरोबर `File` → `Settings` मध्ये जाऊन `Locale` हे `India` करा. ते `United States` राहिले तर ६ सप्टेंबर म्हणून टाकलेले 6/9 तिथे ९ जून म्हणून वाचले जाते आणि पुढचे सगळे हिशेब बिघडतात.

तपासणी: एका चौकटीत इंग्रजी आकड्यांत 20/09/2026 टाका. तारीख चौकटीच्या उजव्या कडेला गेली तर शीटने ती तारीख म्हणून ओळखली. डाव्या कडेला राहिली तर ती नुसती अक्षरे आहेत आणि सूत्रे चालणार नाहीत.

## टप्पा १: हाताशी असलेले तास मोजा

आठवड्याला किती तास मिळतात हे आठवून सांगू नका. आठवणीतला आकडा नेहमी जास्त येतो. दोन आठवडे रोज रात्री एका ओळीत लिहून ठेवा: कधी बसलो, कधी उठलो.

नोंद करताना तासांचे दोन प्रकार वेगळे ठेवा. सलग बसून लिहिता येते किंवा शिजवून फोटो काढता येतात तो जड तास. बसमध्ये, रांगेत किंवा भाकरी थापून झाल्यावर मिळणारी पंधरा-वीस मिनिटे हा हलका वेळ. खानापूर-बेळगाव प्रवासात मोबाईलवर शीर्षके सुचतात, प्रतिक्रियांना उत्तरे देता येतात, फोटोंच्या ओळी लिहिता येतात. पण उभ्याने प्रवास करत कुणी बाराशे शब्दांचा लेख लिहीत नाही. म्हणून हलका वेळ बेरजेत धरायचाच नाही.

आपल्या उदाहरणात मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी रात्री साडेनऊ ते साडेदहा हा प्रत्येकी एक तास मिळतो, आणि रविवारी सकाळी सात ते दहा हे तीन तास. सप्टेंबर २०२६ मध्ये पाच मंगळवार, पाच बुधवार, चार गुरुवार आणि चार रविवार येतात. रात्रीचे १४ आणि रविवारचे १२ मिळून २६ तास झाले.

आता वजाबाकी. चतुर्थीच्या आदल्या दिवशीचा रविवार, १३ तारीख, पूर्ण जातो. त्यानंतर १५, १६ आणि १७ च्या रात्रीही जातात. हे सहा तास. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्रीचा, २४ चा, एक तास. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काही करू असे ठरवणाऱ्यांनी आपले मागच्या वर्षीचे वेळापत्रक काढून बघावे. उरले १९ तास.

यातले सगळे भरायचे नाहीत. साधारण चौथा हिस्सा मोकळा सोडा. ताप, वीज जाणे, अचानक आलेले लग्नाचे बोलावणे यांना जागा लागतेच. १९ मधून ५ बाजूला काढले की आखायला १४ तास मिळतात. महिन्याची खरी पुंजी एवढीच.

सावधान: ‘सणाच्या सुट्टीत जास्त लिहीन’ ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. घरात गणपती असेल तर सुट्टीचा दिवस कामाच्या दिवसापेक्षा जास्त भरलेला असतो.

## टप्पा २: एका लेखाला किती वेळ लागतो ते काढा

हा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो, पण पाककृतीच्या ब्लॉगमध्ये चार कामे ठरलेली आहेत. शिजवत शिजवत फोटो काढायला अडीच तास, लिहायला दोन तास, फोटो निवडून कापून लहान करायला पाऊण तास, आणि शीर्षक, जुन्या लेखांचे दुवे, चढवणे, शेवटचे वाचन यांना पाऊण तास. एकूण सहा. हा झाला मोठा लेख.

फोटोंची गरज नसलेला, एखाद्या अडचणीवर उत्तर देणारा लेख दोन तासांत होतो. तो लहान लेख.

बहुतेक लोक फक्त लिहिण्याचे दोन तास धरतात आणि मोठ्या लेखाला दोनच तास लागतात असे समजतात. ज्याला १४ तासांत सात लेख होतील असे वाटते, त्याचे प्रत्यक्षात दोन मोठे आणि एक लहान होतो. सहा, सहा आणि दोन. निराश होऊ नका, हाच आकडा खरा आहे.

आणखी एक अडथळा तासांच्या बेरजेत दिसत नाही. शिजवणे आणि फोटो यांना दिवसाचा उजेड लागतो, म्हणजे हे काम रविवारीच होणार. गणपतीचा रविवार सोडला तर ६, २० आणि २७ असे तीनच रविवार उरतात. त्यातला एक राखीव ठेवायचा. मग रात्रीचे तास कितीही असले तरी मोठे लेख दोनच होतात. तुमचा ब्लॉग शेतीचा असेल तर उजेडाच्या जागी शेतावर जायचा दिवस येईल, पुस्तकांचा असेल तर वाचायचा वेळ. महिन्यात हे काम जितक्या वेळा जमते, तितकेच मोठे लेख.

## टप्पा ३: तारखा दोन यादींतून घ्या आणि उलट मोजा

सीमाभागात राहून मराठीत लिहिणाऱ्यांचा इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. तुमचे दिवस कर्नाटकाच्या सुट्ट्यांवर चालतात आणि तुमचे बरेचसे वाचक महाराष्ट्राच्या. दोन्ही एका यादीत मिसळले की दोन्हीकडे चुकते.

कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात ती दिवाळीला. म्हणजे शिक्षिकेला ऑक्टोबरमध्ये हात मोकळे मिळतील, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या घरात फराळाची गडबड नोव्हेंबरमध्ये सुरू असेल तेव्हा तिची शाळा चालू असेल. उन्हाळ्यातही तेच. इथल्या शाळा मेच्या शेवटी किंवा जूनच्या आरंभी उघडतात, तिकडे जूनच्या मध्यावर. १ नोव्हेंबरला इथे राज्योत्सवाची सुट्टी, १ मेला तिकडे महाराष्ट्र दिन. शिवजयंती तिकडे सरकारी पातळीवर १९ फेब्रुवारीला, तर बेळगावात चित्ररथांची मोठी मिरवणूक वैशाखात. ‘शिवजयंतीनिमित्त’ असा विषय नुसता टाकून ठेवलात तर कुठली, हा प्रश्न महिनाभर लटकत राहतो.

उपाय सोपा आहे. दोन रंग घ्या. निळ्याने कर्नाटकाच्या सुट्ट्या आणि स्वतःच्या घरच्या तारखा लिहा. त्यावरून फक्त तुमचे तास ठरतात. लाल रंगाने वाचकाचे प्रसंग लिहा. त्यावरून फक्त विषय ठरतात.

आता लाल तारखांवरून मागे मोजायचे. सणाच्या पदार्थाचा लेख सणाच्या निदान तीन आठवडे आधी प्रसिद्ध झाला पाहिजे. शोधयंत्राला नवा लेख सापडून तो दाखवायला वेळ लागतो, आणि वाचकही सामान भरायच्या आधी शोधतो, आरतीच्या वेळी नाही. त्यामुळे उकडीच्या मोदकांचा मुख्य लेख १४ सप्टेंबरला नव्हे, ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच यायला हवा. सप्टेंबरच्या आखणीत तो बसतच नाही.

मग सप्टेंबरमध्ये काय बसते? पुढचा लाल प्रसंग बघा. घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी. तीन आठवडे मागे गेले की २० सप्टेंबर. म्हणजे नवरात्रीच्या उपवासाचा लेख साधारण तेव्हा वाचकासमोर हवा. तो लिहायला आणि शिजवायला आणखी बारा दिवस मागे जा, तर गणपती येण्याच्याही आधी घरात वरीचे पदार्थ शिजलेले असले पाहिजेत. घरच्यांना हे विचित्र वाटेल. वाटू द्या.

याला एक अपवाद आहे. सणाच्या अगदी जवळ, शेवटच्या चार-पाच दिवसांत, लोक पाककृती शोधत नाहीत, बिघडलेले सुधारायचा उपाय शोधतात. मोदकाच्या कळ्या का फुटतात, उकड हाताला का चिकटते, सारण का पाणी सोडते. असा लहान लेख सणाच्या दोन-तीन दिवस आधी आला तरी चालतो, कारण त्याचा वाचक तुमच्या जुन्या मोदकाच्या लेखावरूनच येतो. त्या जुन्या लेखात याचा दुवा टाकायला विसरू नका, नाहीतर कुणालाच तो सापडणार नाही.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक लाल तारखेसमोर ‘प्रसिद्धी’ आणि ‘शूट’ अशा दोन मागच्या तारखा लिहिल्या का? एकही राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

काही जिन्नस फक्त हंगामातच मिळतात. हळदीची ओली पाने श्रावण-भाद्रपदात, हुरडा थंडीत. पानांवरच्या पातोळ्यांचा लेख जूनमध्ये लिहायचा ठरवलात तर पाने आणणार कुठून? अशा पदार्थांचे फोटो या वर्षी हंगामात काढून ठेवायचे आणि लेख पुढच्या वर्षी योग्य वेळी टाकायचा. शीटमध्ये यासाठी ‘पुढचे वर्ष’ नावाचे वेगळे पान करा.

## टप्पा ४: विषय निवडणे

यावर फार वेळ घालवू नका, पंधरा मिनिटे पुरतात. वहीत वीस विषय असतील तर या महिन्यासाठी तीनच उचला: एक तारखेशी बांधलेला, एक केव्हाही चालणारा, आणि एक लहान. तिन्ही तारखेशी बांधलेले घेतलेत तर एक चुकला की तो वर्षभर निरुपयोगी होतो. केव्हाही चालणारा विषय हा तुमचा राखीव साठा.

उदाहरणात नवरात्रीसाठी वरीच्या तांदळाचे पदार्थ हा बांधलेला विषय, गोकाकचे करदंट, म्हणजे डिंक-गुळाची सुकामेवा घातलेली वडी, हा केव्हाही चालणारा, आणि मोदकांच्या अडचणी हा लहान.

विषयासमोर एक गोष्ट नक्की लिहा: वाचक हा पदार्थ कोणत्या नावाने शोधेल. आपण ‘वरी’ म्हणतो, पण महाराष्ट्राच्या मोठ्या भागात तीच ‘भगर’ आहे. शीर्षकात एक नाव आणि पहिल्या परिच्छेदात दुसरे आले नाही तर अर्धे वाचक गेले. हे आखतानाच लिहून ठेवले नाही तर चढवताना रात्री साडेदहा वाजता ते आठवत नाही.

## टप्पा ५: शीट मांडणे

सात रकाने पुरेत. A विषय, B प्रकार, C प्रसंगाची तारीख, D प्रसिद्धी, E शूट, F स्थिती, G तास. रंगीबेरंगी तयार नमुने उतरवून घेऊ नका. त्यांत चार माणसांच्या कार्यालयासाठी केलेले पंधरा रकाने असतात आणि एकट्या माणसाचा अर्धा तास ते भरण्यातच जातो.

प्रसिद्धीचा वार एकच ठेवा. आपल्या उदाहरणात शुक्रवार, कारण वाचक शनिवार-रविवारी करून बघतो. D2 मध्ये तीन आठवडे मागची तारीख काढून तिच्या अलीकडचा शुक्रवार शोधणारे सूत्र टाका, आणि E2 मध्ये त्याच्या बारा दिवस आधीचा रविवार:

```
=C2-21-MOD(WEEKDAY(C2-21)+1,7)
=D2-12
```

C2 मध्ये 11/10/2026 टाकले की D2 मध्ये १८ सप्टेंबर येतो आणि E2 मध्ये ६ सप्टेंबर. तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर घाबरू नका. चौकट निवडून `Format` → `Number` → `Date` करा.

करदंटासारख्या केव्हाही चालणाऱ्या विषयाला प्रसंग नसतो. त्याची C चौकट रिकामी ठेवा आणि D मध्ये शुक्रवारची तारीख हाताने लिहा, नाहीतर सूत्र भलतीच तारीख दाखवते. मोदकांच्या अडचणींसारख्या शेवटच्या क्षणी येणाऱ्या लहान लेखाची तारीखही हातानेच टाका, आणि त्याची E चौकट रिकामी ठेवा.

स्थितीसाठी चारच शब्द: कच्चा, शूट झाले, लिहिले, लावले. ‘चालू आहे’ हा शब्द मुद्दाम ठेवलेला नाही. त्यावरून काय उरले ते कळत नाही. G रकान्यात मोठ्याला 6 आणि लहानाला 2 टाका आणि खाली बेरीज करा:

```
=SUM(G2:G8)
```

सावधान: बेरीज १४ च्या वर गेली की एक लेख काढून टाका. तास वाढवून बेरीज जुळवू नका.

## टप्पा ६: कामाचे दिवस भरणे

शीट झाली, आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामे उतरवा. हे हातानेच करा. शीट कामाच्या वेळी उघडी नसते, भिंत असते.

पहिल्या आठवड्यात मंगळवार १ आणि बुधवार २ या दोन रात्री मोदकांच्या अडचणींचा लहान लेख पूर्ण करून ११ तारखेसाठी लावून ठेवायचा. गुरुवार ३ मोकळा. ४ तारखेला जो लेख येतो तो ऑगस्टमध्ये तयार झालेला, म्हणजे या महिन्याच्या तासांवर त्याचा भार नाही.

रविवार ६ ला वरीचे पदार्थ शिजवणे, फोटो, आणि शेवटच्या अर्ध्या तासात फोटोंची निवड. ८ आणि ९ च्या रात्री लेखन. १० ला उरलेले फोटो लहान करणे, शीर्षक, दुवे, वाचन, आणि १८ साठी लावून ठेवणे. बेरीज बघा: तीन, दोन आणि एक, असे सहा तास.

११ ते १९ या काळात कामाची एकही नोंद नाही, तरी ११ आणि १८ ला लेख बाहेर पडतात. वेळापत्रक बरोबर आखले की सणात ब्लॉग असा आपोआप चालतो.

रविवार २० ला करदंट. २२ आणि २३ च्या रात्री लेखन, २९ ला चढवणे, प्रसिद्धी शुक्रवार २ ऑक्टोबर. म्हणजे पुढच्या महिन्याचा पहिला लेख याच महिन्यात तयार. रविवार २७, बुधवार ३० आणि आधीचा गुरुवार ३ हे राखीव, मिळून पाच तास. २५ तारखेचा शुक्रवार रिकामा. अनंत चतुर्दशीला करदंटाचा लेख टाकून तो वाया घालवायचा नाही.

शूटच्या आदल्या रात्री फोटोंची यादी करा. करदंटासाठी ती अशी होईल: मांडलेले जिन्नस (गूळ, डिंक, सुके खोबरे, खारीक, काजू, बदाम), तुपात फुलणारा डिंक, न फुललेला आणि फुललेला डिंक शेजारी शेजारी, कढईतला गुळाचा पाक, पाण्यात टाकून बघितलेला पाकाचा थेंब, मिश्रण ताटात थापताना, आणि कापलेली वडी कडेने. सात फोटो. यातला पाकाच्या थेंबाचा नेमका राहून जातो, कारण तेव्हा एका हातात चमचा आणि दुसऱ्यात वाटी असते आणि पाक थांबत नाही. तो राहिला की नवा गूळ, नवी कढई आणि पुढचा रविवार. म्हणून त्या फोटोसाठी मोबाईल आधीच डब्याला टेकवून उभा करा आणि टायमर लावून ठेवा.

खानापूरकडे सप्टेंबरमध्ये आभाळ भरलेले असते. स्वयंपाकघरातला पिवळा दिवा लावून काढलेल्या फोटोत गूळ आणि तूप एकाच रंगाचे दिसतात. दिवा बंद करून कढई उतरवल्याबरोबर ताट दाराशी न्या.

तपासणी: प्रत्येक मोठ्या लेखाला कॅलेंडरवर चार-पाच नोंदी आहेत का? एखाद्या नोंदीत नुसता ‘लेख’ असा शब्द असेल तर तो खोडून तिथे कामाचे नाव लिहा.

## टप्पा ७: लेख लावून ठेवणे

वर्डप्रेस वापरत असाल तर सगळ्यात आधी `Settings` → `General` मध्ये `Timezone` हे `Kolkata` करा. ते `UTC+0` असेल तर सकाळी सहासाठी लावलेला लेख आपल्याकडे साडेअकराला बाहेर पडतो. ब्लॉगरमध्ये हेच `Settings` मधल्या `Formatting` भागात `Time zone` या नावाने आहे.

वर्डप्रेसची आणखी एक खोड माहीत असू द्या. ठरलेल्या वेळी लेख बाहेर काढणारी त्याची आतली यंत्रणा घड्याळावर नव्हे, साइटला भेट मिळाल्यावर जागी होते. वाचक थोडे असलेल्या ब्लॉगवर पहाटे कुणी फिरकले नाही तर लेख तसाच पडून राहतो आणि यादीत `Missed schedule` असे दिसते. पहाटे पाचऐवजी सकाळी साडेआठची वेळ लावा. मग बसमध्ये बसल्यावर साइट एकदा उघडून बघा.

हे बघताना लॉग-इन न केलेल्या खिडकीत बघा. लॉग-इन असताना तुम्हाला दिसते ते वाचकाला दिसतेच असे नाही.

## टप्पा ८: मध्यावर तपासणी आणि मोडल्यावर काय

महिन्याच्या मध्याला पंधरा मिनिटे काढा. उदाहरणात ती १२ तारखेची, म्हणजे चतुर्थीच्या आधीच्या शनिवारची. त्या दिवशी १८ चा लेख ‘लावले’ या स्थितीत नसेल तर तो गणपतीत होणार नाही हे गृहीत धरा. वाट बघू नका, तेव्हाच निर्णय घ्या.

समजा ६ तारखेला पाहुणे आले आणि शूट गेले. इथे सगळ्यांचा हात आपोआप एकाच गोष्टीकडे जातो: सगळ्या तारखा एक आठवडा पुढे सरकवणे. ते करू नका. शीटमध्ये दोन प्रकारचे लेख आहेत. वरीच्या लेखाला ११ ऑक्टोबरची लाल तारीख आहे, तो सरकला तर त्याचा उपयोग सरकतो. करदंटाला लाल तारीख नाही. तेव्हा २० तारखेचा रविवार करदंटाकडून काढून वरीला द्या, २२ आणि २३ ला लेखन, २९ ला चढवून त्याच रात्री प्रसिद्ध करा. शुक्रवारची वाट बघू नका, कारण २९ लाच नवरात्र बारा दिवसांवर आलेले असते. करदंट २७ च्या राखीव रविवारी जाईल. त्याचे लेखन ३० ला सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपेल, म्हणून त्याची प्रसिद्धी २ वरून ९ ऑक्टोबरला न्या. १८ चा शुक्रवार रिकामा जाईल. तिथे घाईत काहीतरी टाकण्यापेक्षा मोदकांच्या जुन्या लेखात वाचकांनी विचारलेले दोन प्रश्न उत्तरासह जोडा. तेवढे बसमधल्या हलक्या वेळात होते.

दोन महिने सलग राखीव पाचही तास संपत असतील तर मोठ्या लेखाचा वेळ तुम्ही कमी धरला आहे. G रकान्यात 6 च्या जागी 7 टाका आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्यावरच बेरीज करा. राखीव तास दोन महिने हातच न लावता उरत असतील, तरच महिन्याला एक लहान लेख वाढवा.